त्या दिवशी लाईट गेली होती

सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. दूध संस्था, पतसंस्था, विकास सोसायट्या, एक बंद पडलेलं कुक्कुटपालन. रोजकीर्द उघडल्याबरोबर कुठल्या पानावर लिहिणाऱ्याचा हात थरथरलाय हे मला कळतं, असं खात्यात बोललं जायचं. निदान मी तरी बोलायचो. निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक संघात मी 'ऑनलाइन फसवणूक आणि आपली सावधगिरी' या विषयावर व्याख्यानंही दिली. त्याबद्दल शाल आणि नारळ मिळाला. शाल अजून आहे.

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीत एडिसनला गेलो होतो. सोबत माझा साताऱ्याचा लॅपटॉप होता. त्याची बॅटरी केव्हाच मेली आहे. चार्जरची पिन निघाली की पडदा त्याच क्षणी काळा. अमेरिकेतल्या भिंतीत आपली पिन बसत नाही, म्हणून अडॅप्टर लागतो. तो आम्ही निघताना एकच घेतला होता आणि त्यावर माझा लॅपटॉप आणि हिचा मोबाइल यांचा आळीपाळीनं हक्क होता. लॅपटॉपचं घड्याळ मी मुद्दाम भारतीय वेळेवरच ठेवलं होतं, साताऱ्यात आत्ता किती वाजले हे बघायला बरं म्हणून. हे सगळं पुढे उपयोगी पडणार आहे.

दुपारी मुलगी-जावई कामावर, नातू झोपलेला. मी नाट्यपदांच्या एका जुन्या पुस्तकाची पीडीएफ शोधत होतो. एका पानावर ते पुस्तक दिसलं आणि त्याच्याभोवती 'Download' अशी चार-पाच बटणं दिसली. त्यातलं सगळ्यात मोठं, हिरवंगार बटण मी दाबलं. खरं बटण कोपऱ्यात बारीक राखाडी अक्षरांत असतं आणि मोठं हिरवं ही जाहिरात असते, हे ज्ञान मला त्या संध्याकाळी जावयाकडून मिळालं.

बटण दाबताच अख्खा पडदा निळा झाला. त्यावर एकावर एक चौकटी उघडल्या. सायरन वाजायला लागला आणि एक बाई यांत्रिक इंग्रजीत सांगू लागली, की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, तुमचे पासवर्ड आणि बँकेची माहिती चोरली जात आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. एका चौकटीत 'Windows-Defender Security Alert' असं लिहिलं होतं आणि खाली गुन्हेगाराचं नाव होतं: `Ads.fiancetrack(2).dll`. कंसातला तो दोनचा आकडा मला फार अस्सल वाटला. आमच्याकडेही खोट्या व्हाउचरवर नेहमी पोटक्रमांक असायचा. त्याहून घाबरवणारी गोष्ट म्हणजे एका कोपऱ्यात 'Edison, New Jersey' असं आमच्या गावाचं नावही होतं. माउसचा बाण गायब झाला. चौकट बंद करायची फुली दिसत होती, पण दाबायला बाणच नव्हता.

आता शांतपणे सांगतो, तेव्हा नव्हतो शांत. ते एक साधं वेबपान होतं. त्यानं ब्राउझरकडून पूर्ण पडदा मागून घेतला होता आणि बाण लपवला होता. सिनेमा बघताना आपण व्हिडिओ मोठा करतो तीच ही सोय. निळी चौकट, फुली, सगळं चित्र होतं. गावाचं नाव कुठल्याही वेबसाइटला आपल्या इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून साधारण कळतंच, त्यात हेरगिरी काही नाही. यावर उपाय Esc ही कळ. पण ती नुसती टिचकी मारून चालत नाही, एक-दोन सेकंद दाबून धरावी लागते, कारण असली पानं टिचकीचा Esc स्वतःच गिळून टाकू शकतात. मग पडदा लहान होतो आणि वरची पट्टी दिसते. तेही जमलं नाही तर Ctrl, Shift आणि Esc एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर बंद करायचा. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे फोन नंबर. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच जाहीर केलं आहे, की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. मी मात्र घाबरलो होतो नातू उठेल म्हणून. सायरन थांबवायचा एकच मार्ग पडद्यावर लिहिलेला होता, म्हणून मी फोन केला.

फोनवर 'माइक' आला. तो म्हणाला मी टेक्ससहून बोलतोय. इथं माझी एक अडचण सांगायला हवी. तिकडे गेल्यापासून फोनवरचं अमेरिकन इंग्रजी मला कळत नव्हतं. औषधांच्या दुकानातली मुलगी काय विचारते ते न कळल्यामुळे मी प्रत्येक प्रश्नाला 'येस' म्हणायचो आणि एकदा लहान मुलांचं खोकल्याचं औषध घरी घेऊन आलो होतो. माइकचं इंग्रजी मात्र शब्दन् शब्द कळलं. हा माणूस 'व्हेरी' स्वच्छ 'व्हेरी' म्हणत होता, वाक्यात 'अॅक्च्युअली' आणि 'काइंडली' होतं. मला इतकं हायसं वाटलं, की टेक्ससमध्ये असं इंग्रजी कोण बोलतं हा प्रश्न पडलाच नाही. मागे बऱ्याच लोकांचे आवाज आणि कुणीतरी चमच्यानं कप ढवळल्याचा आवाज येत होता. एडिसनमध्ये दुपारचे चार वाजले होते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड.

सायरन माइकनं लगेच बंद करून दिला. Esc दाबून धरा असं त्यानंच सांगितलं! म्हणजे माझा आजार त्यानं पहिल्याच मिनिटात बरा केला होता आणि पुढचा सव्वा तास तो उपचार करणार होता. मग त्यानं विंडोजची कळ आणि R दाबायला लावलं, एक पत्ता टाइप करायला लावला, तिथं त्यानं सांगितलेला आकडा भरायला लावला. एक फाइल उतरली. ती उघडताना कॉम्प्युटरनं विचारलं, या ॲपला बदल करू द्यायचे का? मी Yes दाबलं. मग त्या ॲपनं विचारलं, समोरच्या माणसाला तुमचा कॉम्प्युटर चालवू द्यायचा का? मी Allow दाबलं. म्हणजे माझ्या त्या मरतुकड्या लॅपटॉपनं मला दोनदा लेखी विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी सही केली. बाण आपोआप हलायला लागला, तेव्हा मी कौतुकानं हिला हाक मारली, "अगं, बघ तरी, टेक्ससहून चालवतोय."

"नातवाला उठवलंत तर बघा," आतून उत्तर आलं.

आता माइकनं पुरावा दाखवायला घेतला. त्यानं एक शब्द टाइप केला:

```
eventvwr
```

इव्हेंट व्ह्यूअर उघडला. डावीकडे Administrative Events वर त्यानं क्लिक केलं आणि उजवीकडे लाल-पिवळ्या खुणांची यादी सुरू झाली. Error, Warning, Error, Error, मधूनच Critical. तो भराभर खाली सरकवत होता आणि म्हणत होता, "सर, बघा, हे सगळे हॅकर्स." हजारोंनी नोंदी होत्या.

ही यादी बनावट नसते. ती प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरवर असते, नव्या कोऱ्यासुद्धा. लॅपटॉप आपल्या पोटात काय काय अडलं त्याची रोजकीर्द ठेवतो आणि त्यातल्या बहुतेक नोंदी किरकोळ असतात. उदाहरणार्थ DistributedCOM नावाची १००१६ क्रमांकाची पिवळी नोंद जिथं तिथं दिसते. ती दुर्लक्षित करायला हरकत नाही, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. मला तर हे कुणी सांगायची गरजच नव्हती. ज्या संस्थेच्या दप्तरात एकही दोष नाही तिथं हमखास घोटाळा असतो, हे मी नवीन लेखापरीक्षकांना शिकवत आलो. आक्षेपांचा ढीग म्हणजे दप्तर जिवंत असल्याची खूण. पण स्वतःच्या नावावर तीच यादी निघाल्यावर माझ्यातला संचालक मंडळाचा सदस्य जागा झाला आणि मी घामाघूम झालो.

तरी जित्याची खोड जाईना. मी माइकला म्हणालो, "थांबा. एवढ्या जोरात पानं उलटू नका. वरून दाखवा. एकेक नोंद वाचू."

"सर, टाइम नाही, हॅकर आत्ता आत आहे."

"असू दे. तपासणी क्रमानं होते."

बिचाऱ्यानं दाखवलं. मी वही काढली, तारीख, क्रमांक, शेरा असे रकाने आखले आणि उतरवून घ्यायला लागलो. माझ्या हिशेबानं पहिलं पान होईपर्यंत माइकच्या आवाजातला 'काइंडली' गेला होता. मग त्यानं हुकमाचं पान काढलं. एका लाल नोंदीवर Critical असं लिहिलेलं होतं. नाव Kernel-Power, क्रमांक ४१. "सर, धिस इज द मेन हॅकर. यानं तुमचा कॉम्प्युटर बाहेरून बंद केला होता." त्याच्याच शेजारी ६००८ क्रमांकाची नोंद होती. ती मी त्याला उघडायला लावली. तीत लिहिलं होतं:

```
The previous system shutdown at 7:42:18 PM on 14-05-2024 was unexpected.
```

१४ मे, संध्याकाळी पावणेआठ. ती वेळ मी विसरणं शक्य नव्हतं. शेजारी हळद होती, डीजे लागला होता आणि मी लॅपटॉपवर त्याच्याविरुद्ध पोलीस ठाण्याला अर्ज लिहीत होतो. अर्ज निम्मा झाला असताना वळीव आला, कोपऱ्यावरच्या डीपीचा जंप उडाला आणि अख्खी गल्ली अंधारात गेली. अर्ज गेला, पण डीजेही गेला, म्हणून माझी काही तक्रार राहिली नव्हती. बॅटरी नसलेला लॅपटॉप लाईटबरोबर बंद पडणार, आणि पुन्हा सुरू होताना 'मागच्या वेळी मला रीतसर बंद केलं नव्हतं' अशी तक्रार लिहून ठेवणार. ४१ आणि ६००८ या दोन नोंदींचा अर्थ एवढाच. आमच्याकडे मे ते सप्टेंबर त्यांचा पाऊसच असतो.

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं फोन ठेवला असता. मी काय केलं? मला वाटलं, हॅकरची मजल डीपीपर्यंत गेली! मी माइकला इंग्रजीत समजवायला लागलो, की त्या संध्याकाळी आमच्या डीपीचा जंप गेला होता, तर तोही यानंच उडवला का? 'जंप'ला इंग्रजी मला येईना. मी म्हणालो, "द जंप वॉज गॉन. फुल लाइन डार्क."

तिकडे क्षणभर शांतता. मग टेक्ससचा माइक म्हणाला, "अच्छा, लाईट गया था? ट्रान्सफॉर्मर उड़ा क्या?"

"हाँ, हाँ! बारिश में!"

"अंकल, हमारे यहाँ भी यही रोना है," तो म्हणाला आणि गप्प झाला. मला संशय यायला हवा होता. मला आला गहिवर. परक्या देशात लाईट जाण्याचं दुःख कळणारा माणूस भेटला होता. मी त्याला जेवलास का विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही. लाइनवर कुजबुज झाली आणि 'सीनियर टेक्निशियन' आला. तो कुणाचा अंकल-बिंकल नव्हता.

त्यानं यादी बंद केली, काळी खिडकी उघडली आणि `tree` असं टाइप केलं. पडद्यावर ओळींचा धबधबा सुटला. हा स्कॅन चालू आहे, असं तो म्हणाला. प्रत्यक्षात ही आज्ञा फक्त फोल्डरांची नावं एकाखाली एक छापते, दुसरं काही करत नाही. धबधबा थांबल्यावर शेवटी ही ओळ दिसली:

```
C:\>virus found network hacked from foreign
```

त्या `>` खुणेच्या पुढे जे असतं ते कॉम्प्युटर बोलत नाही, माणूस टाइप करतो. कॉम्प्युटरची उत्तरं त्या खुणेशिवाय, नव्या ओळीवर येतात. धबधबा चालू असताना साहेबांनी ते वाक्य आंधळेपणानं टाइप करून ठेवलं होतं आणि धबधबा संपताच ते उमटलं. म्हणजे व्हाउचरवर घेणाऱ्याच्या सहीच्या जागी देणाऱ्याचंच अक्षर. ते माझ्या नजरेतून सुटलं, याचं मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

आता बिल. साफसफाई आणि कायमचं संरक्षण मिळून ३४९ डॉलर. "बँकेचं पान उघडा," साहेब म्हणाले. मी म्हणालो, माझं खातं साताऱ्यातल्या एका सहकारी बँकेत आहे आणि तिथं नेटबँकिंग नाही.

"ॲप?"

"नाही."

"मग बॅलन्स कसा बघता?"

"पासबुक भरून आणतो. बुधवारी बँक बंद असते."

पासबुक कुठे आहे असंही त्यांनी विचारलं. साताऱ्यात, कपाटात, किल्ली भाच्याकडे. मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. जवळच्या मोठ्या दुकानात जा, गिफ्ट कार्डं घ्या, मागचा भाग खरवडून आकडे मला वाचून दाखवा. फोन चालूच ठेवा. दुकानदारानं विचारलं तर सांगा, नातवाच्या वाढदिवसाला हवीत. ही युक्ती का, ते मला नंतर समजलं. तिकडच्या बऱ्याच दुकानांत वयस्कर माणूस एकदम मोठ्या रकमेची कार्डं मागू लागला तर गल्ल्यावरची माणसं हटकतात. आणि एकदा आकडे वाचून दाखवले की ते पैसे परत मिळणं जवळपास अशक्य.

मी म्हणालो, मला तिकडे गाडी चालवता येत नाही आणि हायवेला फुटपाथ नाही.

"टॅक्सी बोलवा."

"ते ॲप जावयाच्या फोनवर आहे."

साहेबांनी फोनवर जो उसासा टाकला तो मी माझ्या साहेबांकडून अनेकदा ऐकलेला होता. तेवढ्यात पडदा काळा झाला. मला वाटलं काम सुरू झालं. ही मंडळी खरोखरच पडदा काळा करतात आणि पाठीमागे फायली चाळतात, असं मुलीनं नंतर सांगितलं. पण त्या वेळचा काळोख त्यांचा नव्हता. ही अडॅप्टर हातात घेऊन उभी होती.

"कीर्तन लागायची वेळ झाली. मोबाइल चार टक्क्यांवर आहे," ती म्हणाली.

"अगं, सीनियर टेक्निशियन आत आहेत!"

"राहू देत. चहा नका विचारू," असं म्हणून ती गेली. फोनवर साहेब 'हॅलो, हॅलो, सर, कनेक्शन गेलं' असं ओरडत होते. मी त्यांना खरं ते सांगितलं, की अडॅप्टर एकच आहे आणि कीर्तन दीड तास चालतं. त्यांनी जे शब्द वापरले ते टेक्ससचे नव्हते.

संध्याकाळी मुलीनं आधी घरचं वायफाय बंद केलं आणि मगच लॅपटॉप लावला, कारण ते दूरवरून चालवायचं ॲप लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारं निघालं असतं तर साहेब पुन्हा हजर झाले असते. ॲप काढून टाकलं, आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी तपासली, माझे पासवर्ड तिच्या कॉम्प्युटरवरून बदलले. ब्राउझरनं मागची पानं परत उघडू का म्हणून Restore असं विचारलं, मी सवयीनं हात पुढे केला आणि जावयानं तो वरच्यावर धरला. नाहीतर सायरनबाई पुन्हा सुरू झाल्या असत्या. एफबीआयच्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये अशा खोट्या टेक सपोर्टमध्ये तिकडच्या लोकांचे ९० कोटी डॉलरहून जास्त गेले, असं त्यानं माझं सांत्वन म्हणून सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सीबीआयनं 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये आपल्याकडच्या अशा कॉल सेंटरांवर छापे घातले, तेही मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून. माइक सुटला असेल का, असं मी विचारलं तेव्हा मुलीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचं वर्णन करत नाही.

जावयाला मी हट्टानं इव्हेंट व्ह्यूअर दाखवला. माझी वही समोर होतीच. वरच एक ताजी लाल नोंद होती, ४१, Critical, शेजारी ६००८. त्यानं ती उघडली आणि भुवया उंचावल्या. "बाबा, आज रात्री पावणेतीन वाजता लॅपटॉप झटक्यात बंद झालाय. तेव्हा काय करत होता?"

"घड्याळ साताऱ्याचं आहे," मी म्हणालो. "हॅकर स्वयंपाकघरात आहे."

काही आठवड्यांनी माझ्या तिथल्या नंबरवर एक गृहस्थ बोलले. आमची कंपनी बंद होतेय, तुमचे ३४९ डॉलर परत करायचेत, लॅपटॉप सुरू करा. जे मी भरलेच नव्हते ते परत! मी त्यांना पावती क्रमांक विचारला आणि त्यांनी फोन ठेवला. यात काय डाव असतो ते मी हिला समजावलं. ते आपल्या बँकेचं पान आपल्यासमोर उघडतात, तिथला आकडा पानावरच्या पानावर बदलून ३४९ चे ३,४९० जमा झाल्याचं दाखवतात आणि जास्तीचे परत करा म्हणून रडतात. खात्यात प्रत्यक्षात काहीच आलेलं नसतं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण आपल्याला काय? पान दिसायला बँकेनं आधी सुरू तर करायला हवं."